पाकिटात दोन वायफायवाली कार्डं असली की मशीन नेमकं कुठलं घेतं?

प्रश्न: मी पाकीट न उघडता तसंच मशीनवर टेकवतो. आत क्रेडिट आणि डेबिट अशी दोन्ही टॅपवाली कार्डं आहेत. कधी मशीन एरर देतं, कधी क्रेडिटऐवजी डेबिटमधून पैसे जातात. कुठलं कार्ड घ्यायचं हे मशीन कसं ठरवतं? आणि कधी दोन्हींतून पैसे कटू शकतात का?

उत्तर:

मशीन ठरवतच नाही. बऱ्याच लोकांची समजूत अशी असते की मशीन दोन्ही कार्डं वाचतं आणि मग वरचं, किंवा क्रेडिटवालं, किंवा स्वतःच्या बँकेचं असं काहीतरी बघून एक उचलतं. दुकानदारही तसंच सांगतात. कार्ड मशीनच्या इंटिग्रेशनमध्ये बरीच वर्षं घालवली आहेत म्हणून सांगतो, नियम अगदी उलटा आहे: मशीनला एकाच वेळी दोन कार्डं दिसली तर त्याने एकही घ्यायचं नाही. मग डेबिटमधून पैसे गेले कसे? तर त्या वेळी मशीनला दोन कार्डं दिसलीच नव्हती, एकच दिसलं होतं आणि ते नेमकं तुम्हाला नको असलेलं होतं. तुमचा एरर आणि तुमचं चुकीचं कार्ड, दोन्ही इथूनच निघतात.

आता हे "दिसणं" म्हणजे काय ते बघा. कार्डात बॅटरी नसते. प्लॅस्टिकच्या आत कडेकडेने तारेचे काही वेढे दिलेले असतात आणि ते चिपला जोडलेले असतात, बस. मशीनमध्येही असंच एक वेटोळं असतं आणि ते १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडत असतं. कार्ड जवळ आलं की या क्षेत्रामुळे कार्डाच्या तारेत वीज तयार होते आणि त्याच विजेवर चिप जागी होते. पेमेंट मशीनसाठी हे अंतर साधारण ४ सेंटिमीटरपर्यंतचं धरलेलं असतं, त्याच्या पुढे कार्ड वाचलं तर नशीब आणि नाही वाचलं तर मशीनचा दोष नाही. म्हणजे चिपला जागं राहायला पुरेशी वीज मिळते का, सगळा खेळ यावर आहे, हे डोक्यात ठेवा कारण पुढे परत परत हेच येणार आहे.

दुकानदाराने रक्कम टाकली की मशीन सारखं विचारत राहतं, कोणी आहे का, कोणी आहे का. शाळेत हजेरी घेताना कसं, फक्त इथे नाव न घेता नुसतंच "कोण आलंय" असं विचारतात आणि जो जागा आहे तो "हजर" म्हणतो. एकच कार्ड असेल तर एकच उत्तर येतं. दोन असतील तर दोघं एकाच क्षणी बोलतात, कारण दोघांनी प्रश्न एकाच वेळी ऐकलेला असतो. "हजर" नंतर मशीन कार्डाचा नंबर मागतं. (हा तुमचा १६ आकडी कार्ड नंबर नाही, चिपचा वेगळा ओळख-नंबर असतो आणि बऱ्याच बँक कार्डांत तो प्रत्येक वेळी नव्याने, रँडम तयार होतो.) हा नंबर बिट-बिट करून येतो आणि आपल्याकडच्या बहुतेक कार्डांत प्रत्येक बिटच्या वेळेचे दोन भाग असतात, सिग्नल पहिल्या भागात आला तर १ आणि दुसऱ्या भागात आला तर ०. आता एका कार्डाने १ पाठवला आणि त्याच वेळी दुसऱ्याने ० पाठवला तर मशीनला दोन्ही भागांत सिग्नल दिसतो, जे एकट्या कार्डाकडून होऊच शकत नाही. मशीनला तिथेच कळतं की समोर दोघं आहेत. याला कोलिजन म्हणतात.

गंमत म्हणजे कार्डांचं जे मूळ आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १४४४३, त्यात यातून मार्ग काढायची सोय आहे. मशीन म्हणू शकतं की ज्यांचा हा बिट १ आहे त्यांनीच बोला, बाकीच्यांनी गप्प बसा, आणि असं करत करत एकेकाला वेगळं काढू शकतं. पण पेमेंटसाठी ईएमव्हीचे नियम आहेत, आणि तिथे हे मुद्दाम बंद ठेवलंय. दोन कार्डं दिसली तर कोणाचे पैसे कापायचे हा निर्णय मशीनने घ्यायचा नाही, तो ग्राहकाचा. म्हणून मशीन व्यवहार सुरूच करत नाही, "एकच कार्ड दाखवा" अशा अर्थाचा मेसेज देतं आणि क्षेत्र रिसेट करून परत विचारायला लागतं. नियमानुसार मेसेज PRESENT ONE CARD ONLY असा काहीतरी यायला हवा. प्रत्यक्षात कित्येक मशीनवर नुसतंच Card read error किंवा Try again येतं, कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने सगळ्या एरर एकाच मेसेजमध्ये कोंबलेल्या असतात. माझ्या मते हा शुद्ध आळस आहे, आणि त्याच्यामुळेच लोक तेच पाकीट अजून जोरात दाबून धरतात.

आता दुसरी बाजू. पाकिटात दोन कार्डं आहेत तर दरवेळी कोलिजनच का होत नाही?

एक कारण वेळेचं. तुम्ही पाकीट वरून खाली आणता. मशीनच्या बाजूचं कार्ड आधी पुरेशा क्षेत्रात शिरतं आणि जागं होतं, मागचं पाकिटाच्या दुसऱ्या पानात आहे म्हणजे कातडं, पावत्या, नोटा धरून सेंटिमीटरभर लांब, ते अजून झोपलेलं असतं. मशीनने तेवढ्यात विचारलं, एकच उत्तर आलं, झालं, मशीनच्या दृष्टीने एकच कार्ड आहे. त्यानंतर कार्ड आणि मशीनचं सगळं बोलणं साधारण अर्ध्या सेकंदात उरकावं असं डिझाइन असतं. त्या अर्ध्या सेकंदात मागचं कार्ड जागं झालं तरी ते गप्प राहतं, कारण आता जे बोलणं चाललंय ते निवडलेल्या कार्डाशी, नवीन आलेल्याने मध्ये तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. म्हणून पैसे पुढच्या कार्डातून जातात आणि मागच्याला पत्ताही नसतो.

पण "जवळचं कार्ड जिंकतं" हा नियम धरून चालू नका, कारण दुसरं कारण याला उलटं फिरवतं. दोन कार्डं एकमेकांना चिकटली की त्यांच्या तारांची वेटोळी एकमेकांवर परिणाम करतात. प्रत्येक कार्ड एकटं असताना १३.५६ च्या आसपास नीट वीज ओढेल असं ट्यून केलेलं असतं, दोन चिकटली की दोघांचं ट्यूनिंग बिघडतं आणि वर एकाच क्षेत्रातून दोघं वीज ओढायला लागतात. मग कधी दोघंही अर्धपोटी आणि कोणीच जागं होत नाही. मशीनवर काहीच होत नाही, एररही नाही, नुसती रक्कम दिसत राहते. कधी एक जागं होतं आणि एक नाही, आणि जे होतं ते मागचंही असू शकतं, कारण सगळ्या कार्डांतलं वेटोळं सारखं नसतं. काहींत ते पूर्ण कार्डाच्या कडेने फिरतं, काहींत अर्ध्याच भागात असतं, विशेषतः जुन्या उठावदार आकड्यांच्या कार्डांत. अर्धं वेटोळं मशीनच्या वेटोळ्यापासून बाजूला पडलं तर जवळ असूनही त्याला वीज कमी मिळते. म्हणून तेच पाकीट, तीच दोन कार्डं, एका दुकानात क्रेडिट घेतं आणि शेजारच्या दुकानात डेबिट. तिथल्या मशीनचं वेटोळं स्क्रीनखाली आहे की वर पेपर रोलजवळ आहे एवढ्यानेही फरक पडतो, आणि तुम्ही पाकीट आडवं धरलं की उभं यानेही.

तिसरा प्रकार सगळ्यात वैतागवाणा. एक कार्ड निवडलं गेलं, बोलणं सुरू झालं, आणि तुम्ही पाकीट अजून जवळ दाबलं. आता मागचं कार्ड जागं होऊन वीज ओढायला लागतं, पहिल्याची वीज कमी पडते आणि ते मध्येच बंद पडतं. मशीन एक-दोनदा परत विचारतं आणि सोडून देतं. मशीनवर "परत कार्ड दाखवा" येतं. या टप्प्यावर पैसे गेलेले नसतात. दुकानातल्या साध्या व्यवहारात कार्डाने शेवटी एक गुप्त सही म्हणजे क्रिप्टोग्राम तयार करून द्यायचा असतो, तो मशीनला मिळाल्याशिवाय बँकेकडे मागणी जातच नाही.

इथे अजून एक गैरसमज बसलेला असतो, "प्रायॉरिटी"चा. कार्ड निवडलं गेल्यावर मशीन त्याला `2PAY.SYS.DDF01` नावाची यादी मागतं आणि कार्ड सांगतं की माझ्यात अमुक अमुक ॲप्लिकेशन आहेत आणि त्यांचा प्राधान्यक्रम असा. हे वाचून लोकांना वाटतं मशीन व्हिसापेक्षा रुपे आधी घेतं वगैरे. तो क्रम एकाच कार्डाच्या आतला आहे. दोन वेगळ्या कार्डांची तुलना कुठेच होत नाही, कारण यादी मागायची वेळ येते तेव्हा दुसरं कार्ड खेळातच नसतं.

आता एक केस पूर्ण बघू, कारण खरा फटका इथे बसतो. समजा किराण्याचं बिल ६,२४० रुपये झालं. तुमच्या मनात क्रेडिट कार्ड आहे, पाकिटात ते पुढे आहे, डेबिट मागे. पाकीट टेकवलं, पण पुढच्या कार्डाचं वेटोळं बाजूला पडलं आणि डेबिट जागं झालं. ५,००० च्या वर रक्कम असल्यामुळे मशीन पिन मागतं (१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे ५,००० पर्यंत बिनपिनचा टॅप चालतो, त्याआधी ही मर्यादा २,००० होती). स्क्रीनवर कुठल्या कार्डाचा पिन ते बरेचदा लिहिलेलं नसतं. तुम्ही क्रेडिटचा पिन टाकता, तो डेबिटच्या बँकेकडे जातो, उत्तर येतं पिन चुकीचा. तुम्हाला वाटतं बोट घसरलं, परत टॅप, परत तोच पिन. तिसऱ्यांदा चुकला की बहुतेक बँका त्या कार्डाचा पिन काही काळासाठी लॉक करतात. संध्याकाळी तुम्ही एटीएमवर जाता आणि डेबिट कार्ड चालत नाही, आणि तुम्हाला तर वाटतंय की आज डेबिट वापरलंच नाही. बँकेला फोन केला की ते म्हणतात तुम्हीच तीन वेळा चुकीचा पिन टाकला. दोघंही खरं बोलत असतात.

आता हेच बिल ४,२४० असतं तर? पिनच विचारला नसता, डेबिटमधून पैसे गेले असते आणि एसएमएस येईपर्यंत तुम्हाला कळलंही नसतं. म्हणून पिन बरोबर असल्याची खात्री असताना "चुकीचा पिन" आलं तर दुसऱ्यांदा टाकायच्या आधी मशीनमधून निघालेली चिठ्ठी बघा. चिठ्ठीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात, सगळं तिथे कळतं. बऱ्याच चिठ्ठ्यांवर एआयडी म्हणून लांब कोडही असतो, A0000000031010 म्हणजे व्हिसा, A0000000041010 म्हणजे मास्टरकार्ड, A0000005241010 म्हणजे रुपे. दोन्ही कार्डं व्हिसाच असतील तर या कोडचा उपयोग नाही, चार आकडेच बघायचे. आणि चिठ्ठी निघालीच नाही, बँकेकडून एसएमएसही नाही, तर बहुतेक वेळा कुठलंच कार्ड पूर्ण वाचलं गेलं नाही, म्हणजे कोलिजन किंवा वीज कमी.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. "मी डेबिटचा टॅप ॲपमधून बंद करून ठेवलाय, मग त्याचा काय त्रास" असं म्हणतात. सहसा ते बटण बँकेच्या सर्व्हरवर असतं, कार्डातल्या चिपला त्याचा पत्ता नसतो. चिप आधीसारखीच जागी होते, आधीसारखीच "हजर" म्हणते, कोलिजन आधीसारखंच करते. फरक इतकाच की तीच निवडली गेली तर बँक व्यवहार नाकारते. म्हणजे चुकीचे पैसे कटण्यापासून तुम्ही वाचलात, पण टॅप फेल होण्यापासून नाही, उलट एक नवीन डिक्लाइन वाढला. आणि हेच ऑफिसच्या, हॉटेलच्या रूमच्या, सोसायटीच्या गेटच्या कार्डांचं, त्यातली जी १३.५६ वर चालतात ती सगळी अडथळा आणतात, त्यांच्यात पैसे नसले तरी. फास्टॅगची फ्रिक्वेन्सी पूर्ण वेगळी आहे, त्याचा संबंध नाही. आधारच्या पीव्हीसी कार्डाला तर चिपच नसते.

फोनच्या कव्हरमध्ये मागे कार्ड ठेवणाऱ्यांनी हेच सगळं फोनला लावून वाचा. फोनने टॅप करून पेमेंट करता आणि मागे डेबिट अडकवलेलं आहे, तर मशीनच्या जवळ डेबिट आहे आणि फोनचा अँटेना त्याच्या मागे. फोनवर फिंगरप्रिंट देऊन तुम्ही क्रेडिट निवडलंत याचा मशीनला काही फरक पडत नाही.

दोन्ही कार्डांतून पैसे कटू शकतात का? दुकानात एका टॅपमध्ये नाही. एक रक्कम, एक निवडलेलं कार्ड, एक क्रिप्टोग्राम, त्यानंतर मशीन ऐकायचंच थांबतं. दोनदा कटल्याच्या ज्या तक्रारी येतात त्यांत बहुतेकदा असं झालेलं असतं की पहिला व्यवहार खरं तर एका कार्डातून झाला होता, नेटवर्कमुळे मशीनला उत्तर आलं नाही, दुकानदाराने नवीन व्यवहार टाकला आणि या वेळी दुसरं कार्ड लागलं.

मेट्रोचं गणित मात्र वेगळं आहे, कारण तिथे एका प्रवासाला दोन टॅप असतात. लंडनमध्ये याला कार्ड क्लॅश असंच नाव पडलंय. तिथे बस-मेट्रोच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड आधीपासून होतं, २०१२ मध्ये बसला आणि २०१४ मध्ये ट्यूबला म्हणजे तिथल्या मेट्रोला बँकेची टॅप कार्डं चालू झाली आणि एकाच पाकिटात दोन्ही आली. आत जाताना ऑयस्टर लागलं, बाहेर येताना बँकेचं, तर सिस्टिमला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागू शकतं. इथे खरंच दोन कार्डांतून पैसे जातात, फक्त एका टॅपमध्ये नाही. आपल्याकडे पुणे मेट्रोचं कार्ड आणि मेट्रोतही चालणारं बँकेचं एनसीएमसी डेबिट एकत्र ठेवलं तर तीच पाळी येऊ शकते: वनाजला आत जाताना एकावर एंट्री लिहिली गेली, रामवाडीला दुसरं पुढे आलं, गेट म्हणतं याच्यावर एंट्रीच नाही. गेटवर लाल दिवा लागला तर लगेच दुसरं कार्ड टेकवून बघू नका, पहिलं कार्ड एकटं बाहेर काढून तेच टेकवा. नाही जमलं तर काउंटरवर दोन्ही कार्डं दाखवा, तिथे वाचून सांगतात एंट्री कुठल्यावर उघडी आहे. ती उघडीच राहिली तर पुढच्या वेळी त्या कार्डाने आत जाताना अडचण येऊ शकते.

उपाय साधा आहे, जे कार्ड वापरायचं ते बाहेर काढा. अगदीच पाकीट टेकवायचं असेल तर एकच टॅपवालं कार्ड एका पानात ठेवा आणि पाकीट उघडून तेवढंच पान टेकवा, दुसरं पान हातभर नको पण पाच-सहा सेंटिमीटर तरी लांब जाऊ द्या. बाजारात मिळणारे धातूचे किंवा फॉइलचे कव्हर चालतात पण नको असलेल्या कार्डाला ते घालून हवं असलेलं कार्ड त्याला चिकटवून ठेवलं तर तोच पत्रा हव्या कार्डाचंही क्षेत्र खातो आणि मग काहीच वाचलं जात नाही. मग लोक म्हणतात कव्हर फेकून द्या, कव्हर ठीक आहे, जागा चुकली.

आणि चुकीच्या कार्डातून पैसे गेलेच तर तिथल्या तिथे दुकानदाराला व्यवहार व्हॉइड म्हणजे रद्द करायला सांगा, त्याच मशीनवर, चिठ्ठीवरच्या इनव्हॉइस नंबरने, आणि मग हव्या त्या कार्डाने परत घ्या. हे दिवसअखेर बॅच सेटल व्हायच्या, म्हणजे मशीनवरचे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे पक्के व्हायच्या आधीच होतं, नंतर रिफंड टाकावा लागतो आणि तो यायला काही दिवस जातात. बँकेकडे "फेल व्यवहार" म्हणून तक्रार टाकून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा जो नियम आहे, खात्यातून पैसे गेले पण दुकानात कन्फर्मेशन आलं नाही तर पाच दिवसांत परत आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये, तो अर्धवट राहिलेल्या व्यवहारासाठी आहे. तुमचा व्यवहार बँकेच्या लेखी पूर्ण आणि यशस्वी आहे, फक्त दुसऱ्या कार्डावर, त्यामुळे तो फिरवून देणं दुकानदाराच्याच हातात असतं.